आधी लोटा, मग उतार शोधा

1955 साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेत एक गोपनीय अहवाल तयार झाला. लेखक दोघं होते: गणितज्ञ टी. ई. हॅरिस आणि निवृत्त जनरल एफ. एस. रॉस. विषय होता सोव्हिएत रशिया आणि पूर्व युरोप यांना जोडणारं रेल्वेचं जाळं. त्या जाळ्याचं त्यांनी 44 ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या 105 टप्प्यांमध्ये सोपं चित्र काढलं, प्रत्येक टप्प्यावरून किती टन माल जाऊ शकतो याचे अंदाज बांधले आणि एकच प्रश्न विचारला: पूर्वेकडून पश्चिमेकडे जास्तीत जास्त किती माल नेता येईल? उत्तर आलं 1,63,000 टन. अहवाल 1999 मध्ये खुला झाला.

तो आकडा त्यांनी कसा काढला, हे मला आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ए. डब्ल्यू. बोल्डिरेफ या त्यांच्या सहकाऱ्याने त्याच वर्षी एक रीत सुचवली होती. उगमापासून जमेल तितका माल सरळ पुढे लोटायचा. वाटेत एखाद्या ठिकाणी जितक्या गाड्या आल्या तितक्या पुढे जात नसतील, तर जास्तीच्या गाड्या माघारी उगमाकडे पाठवायच्या. बोल्डिरेफने या रीतीला ‘पूर आणणं’ असंच नाव दिलं होतं. नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला ती जमायची, पण ती दरवेळी सर्वांत मोठं उत्तर देईलच याची हमी नव्हती. जास्तीचा माल नेमका कुठे वळवायचा आणि माघारी कधी पाठवायचा, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडलेलं होतं.

त्या प्रश्नाला पक्की हमी असलेलं उत्तर दिलं लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फल्कर्सन यांनी, रँडमध्येच. त्यांची वाट मात्र अगदी वेगळी होती. त्यांनी सांगितलं की उगमापासून मुक्कामापर्यंत अशी एक सलग वाट शोधा, जिच्या प्रत्येक टप्प्यावर अजून जागा आहे. त्या वाटेवरचा सर्वांत अरुंद टप्पा जितका माल जाऊ देईल तितका सबंध वाटेने पाठवा. मग पुन्हा नवी वाट शोधा. अशी वाट उरली नाही की थांबा, तोवर पाठवलेला माल हाच जास्तीत जास्त.

यात एक बारकावा आहे, तो पुढे सारखा लागणार आहे. ‘जागा आहे’ याचे दोन अर्थ होतात. एक सरळ: टप्प्याची क्षमता 5 आहे, 3 गेले आहेत, म्हणजे अजून 2 जातील. दुसरा उलटा: त्या टप्प्यावरून आधी 3 पाठवले आहेत, तर ते 3 रद्द करता येतात, म्हणजे उलट दिशेने 3 ची वाट मोकळी आहे. आधीचा निर्णय फिरवायची ही सोय नसेल, तर एकदा चुकीच्या दिशेने गेलेला माल तिथेच अडकून पडेल. पुढे मी ‘मोकळा टप्पा’ म्हणेन तेव्हा या दोन्ही प्रकारांचा त्यात समावेश धरावा.

फोर्ड-फल्कर्सनची रीत बरोबर आहे, तिचा दुबळेपणा खर्चात आहे. समजा उगमापासून एक लांबलचक मार्ग निघतो, एकामागून एक दहा टप्प्यांचा, प्रत्येकाची क्षमता 10. मार्गाच्या टोकाच्या ठिकाणाहून दहा बारीक फाटे फुटतात. प्रत्येक फाटा एका छोट्या ठिकाणातून मुक्कामाला मिळतो आणि त्याच्या दोन्ही टप्प्यांची क्षमता फक्त 1. उत्तर उघड आहे: 10. पण सबंध वाटा शोधणारी रीत काय करते? ती उगमापासून निघते, दहा टप्पे ओलांडते, एका फाट्याने मुक्कामाला पोहोचते आणि 1 नग पाठवते. मग पुन्हा उगमापासून तेच दहा टप्पे, दुसरा फाटा, आणखी 1 नग. एका वाटेत 12 टप्पे, अशा दहा वाटा, म्हणजे 120 वेळा कुठल्या ना कुठल्या टप्प्याची नोंद बदलायची. त्या दहा टप्प्यांबद्दल नवं काहीच कळत नाही, तरी त्यांच्यावरून दहादा जावं लागतं, कारण माल हलवायचा तर उगमापासून मुक्कामापर्यंत एकाच दमात हलवायचा हा या रीतीचा दंडक आहे.

बोल्डिरेफच्या रीतीने इथे काय झालं असतं? लांब मार्गावरून 10 नग एकदम ढकलले, दहा वेळा. टोकाला पोहोचल्यावर ते दहा फाट्यांत वाटले, वीस वेळा. एकूण 30. वाट शोधण्याचा प्रश्नच आला नाही. म्हणजे ‘आधी लोटा, मग बघू’ या विचारात बळ होतं. त्याला शिस्त हवी होती.

ती शिस्त यायला तीस वर्षं लागली. मधला टप्पा 1974 चा. मॉस्कोतल्या अलेक्झांडर कार्झानोव्ह यांनी ‘पूर्वप्रवाह’ ही कल्पना मांडली. खऱ्या प्रवाहात प्रत्येक मधल्या ठिकाणी जितका माल येतो तितकाच बाहेर जायला हवा. पूर्वप्रवाहात ही अट सैल केली: बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त आलं तरी चालेल, कमी मात्र चालणार नाही. जे जास्त साचलं, ती त्या ठिकाणची शिल्लक. मग एमआयटीत डॉक्टरेट करत असलेल्या अँड्र्यू गोल्डबर्ग यांनी या शिल्लकेला दिशा दाखवण्यासाठी प्रत्येक ठिकाणाला एक उंची दिली. रॉबर्ट टार्जन यांच्यासोबत त्यांनी ती रीत 1986 मध्ये एका परिषदेत मांडली आणि 1988 मध्ये ती सविस्तर छापली गेली. जगभर ती पुश-रिलेबल म्हणून ओळखली जाते.

रीत अशी. प्रत्येक ठिकाणाला एक पूर्णांक उंची. मुक्कामाची उंची कायम 0. उगमाची उंची कायम जाळ्यातल्या एकूण ठिकाणांइतकी. ठिकाणं 4 असतील तर 4. बाकीची ठिकाणं आरंभी 0 वर. सुरुवातीलाच उगमातून निघणारा प्रत्येक टप्पा क्षमतेइतका पूर्ण भरून टाकायचा, पुढे काय होईल याची पर्वा न करता. आता काही ठिकाणी शिल्लक साचली. यापुढे दोनच कामं. शिल्लक असलेल्या ठिकाणाहून निघणारा एखादा मोकळा टप्पा बरोबर एका पायरीने खालच्या ठिकाणाकडे जात असेल, तर त्यावरून जमेल तितका माल ढकलायचा. असा एकही टप्पा नसेल, तर त्या ठिकाणची उंची वाढवायची, आणि तीही मोजकीच: ज्या ठिकाणांकडे मोकळे टप्पे जातात त्यांतलं सर्वांत खालचं शोधायचं आणि त्याच्यापेक्षा 1 ने वर जायचं. मधल्या कुठल्याच ठिकाणी शिल्लक उरली नाही की संपलं.

पाणी उताराने वाहतं आणि खळग्यात अडकतं, तसा हा माल. फरक इतकाच की इथे खळग्याचा तळ हळूहळू वर उचलता येतो, पाण्याला कुठेतरी उतार मिळेपर्यंत.

एक छोटं जाळं हाताने सोडवून पाहू. चार ठिकाणं: उगम, अ, ब, मुक्काम. उगम ते अ क्षमता 8. अ ते मुक्काम 2. अ ते ब 5. ब ते मुक्काम 3. मुक्कामाला पोहोचणारे दोनच टप्पे आहेत, 2 आणि 3, म्हणजे उत्तर 5 च्या वर जाऊ शकत नाही. उगम मात्र 8 सोडणार आहे. तीन नग जास्तीचे आहेत आणि ते कुणालाही न विचारता माघारी गेले पाहिजेत. कसे जातात, तेच बघण्यासारखं आहे.

उगम 4 उंचीवर, बाकी सगळे 0 वर. उगमाने 8 सोडले, अ ची शिल्लक 8. अ 0 वर आहे, ब आणि मुक्कामही 0 वर, म्हणजे उतार नाही. अ ला 1 वर उचललं. आता मुक्कामाकडे 2 आणि ब कडे 5 ढकलले. अ कडे 1 उरला, ब कडे 5 जमले. ब लाही उतार नाही, म्हणून ब 1 वर गेला आणि त्याने मुक्कामाला 3 दिले. ब ची शिल्लक 2. ब चा पुढचा टप्पा आता गच्च भरला आहे, त्यामुळे त्याच्यासाठी एकच टप्पा मोकळा राहिला: अ कडून आलेलं अ कडे परत करणं. अ 1 वर आहे, म्हणून ब 2 वर गेला आणि 2 नग परत केले. अ ची शिल्लक झाली 3.

आता अ ची पाळी. मुक्कामाचा टप्पा भरलेला. मोकळे दोन: ब कडे अजून 2 ची जागा आहे आणि ब 2 वर आहे, उगमाकडे माघारी 8 ची जागा आहे आणि उगम 4 वर आहे. खालचा ब, म्हणून अ 3 वर गेला आणि 2 नग पुन्हा ब कडे ढकलले. ब ला पुढे जायला अजूनही जागा नाही. तो अ च्या वर, म्हणजे 4 वर गेला आणि 2 परत केले. अ कडे पुन्हा 3. या वेळी ब आणि उगम दोघंही 4 वर आहेत, म्हणून अ 5 वर गेला. इथून 3 नग थेट उगमाकडे ढकलले. कुठेही शिल्लक नाही. उगमातून प्रत्यक्ष गेले 5, अ ते ब 3, अ ते मुक्काम 2, ब ते मुक्काम 3. सगळं जुळलं.

या खटाटोपात कुणीही उगमापासून मुक्कामापर्यंतची वाट पाहिली नाही. अ ने फक्त आपल्या शेजाऱ्यांच्या उंच्या पाहिल्या, ब ने आपल्या. तरीही शेवटी उत्तर सर्वांत मोठंच निघालं. याचं कारण एका नियमात दडलं आहे, आणि सगळी रीत त्या नियमावर उभी आहे: कुठलाही मोकळा टप्पा एका पायरीपेक्षा जास्त खाली उतरत नाही. उंची वाढवताना आपण सर्वांत खालच्या शेजाऱ्यापेक्षा फक्त 1 ने वर जातो, म्हणून नियम टिकतो. ढकलताना एका पायरीने खालीच ढकलतो, म्हणून उलट दिशेने नवा मोकळा होणारा टप्पा चढाचा असतो आणि नियम पुन्हा टिकतो. आणि आरंभी उगमाचे सगळे टप्पे भरून टाकले ते याचसाठी: एवढ्या उंच उगमातून 0 वर उतरणारा एकही टप्पा मोकळा राहायला नको होता.

आता हिशेब करा. चार ठिकाणांच्या जाळ्यात, एकही ठिकाण दोनदा न घेणारी वाट जास्तीत जास्त 3 टप्प्यांची असते. दर टप्प्याला फार तर 1 पायरी उतरता येते. मग 4 उंचीवरच्या उगमातून 0 वरच्या मुक्कामाला मोकळ्या टप्प्यांवरून पोहोचायचं तर 4 पायऱ्या 3 टप्प्यांत उतराव्या लागतील. ते अशक्य आहे. म्हणजे माल वाढवणारी सबंध वाट या रीतीत कधीच, अगदी पहिल्या क्षणापासूनच, अस्तित्वात नसते. शोधायला काही नाहीच, म्हणून शोध नाही.

मला या रीतीतलं सर्वांत देखणं काही वाटत असेल तर ही अदलाबदल. फोर्ड-फल्कर्सनमध्ये हातातला प्रवाह प्रत्येक क्षणी कायदेशीर असतो, कुठेही शिल्लक नसते, आणि आपण धडपडतो ती वाढवणारी वाट उरू नये म्हणून. पुश-रिलेबलमध्ये वाढवणारी वाट प्रत्येक क्षणी नसतेच, आणि आपण धडपडतो ती प्रवाह कायदेशीर व्हावा म्हणून. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या की उत्तर सर्वांत मोठं असतं. दोन्ही रीती त्याच जागी पोहोचतात, एक एका बाजूने आणि दुसरी दुसऱ्या.

माल अ आणि ब यांच्यात असाच कायम हेलपाटे घालत राहिला तर? तसं होऊ शकत नाही. एखाद्या ठिकाणी शिल्लक आहे याचा अर्थ ती उगमातून आली, आणि आलेल्या मार्गाने ती परत नेण्याची वाट मोकळी असतेच. ती वाट फार तर 3 टप्प्यांची, उगम 4 वर, दर टप्प्याला उतार फार तर 1. म्हणजे शिल्लक असलेलं कुठलंही ठिकाण 7 च्या वर जाऊच शकत नाही. उंच्या फक्त वाढतात, कधी घटत नाहीत, आणि त्यांना छत आहे. म्हणून खेळ संपतो.

पण संपतो म्हणजे लवकर संपतो असं नाही. आपल्या उदाहरणात 2 नग अ-ब-अ-ब असे उगाच फिरले. लाखो ठिकाणांच्या जाळ्यात हीच गत झाली तर संगणक अक्षरशः तासन्‌तास उंच्या एकेक पायरीने वाढवत बसतो. नुसती पुस्तकी रीत लिहून चालवली तर ती अनेकदा निराश करते, आणि कशामुळे हे सहज ओळखता येतं: मुक्कामाला पोहोचलेला आकडा कधीचाच स्थिर झालेला असतो, तरी उंच्या वाढवण्याची मोजणी थांबत नाही. माल पुढे जाणार नाही हे ठरून गेलेलं असतं, फक्त तो उगमापेक्षा वर चढून माघारी जायला वेळ घेत असतो.

त्यावरचा एक उपाय फार साधा आहे. उदाहरणातला तो क्षण आठवा, जेव्हा अ 1 वरून 3 वर गेला. तेव्हा ब 2 वर होता. म्हणजे उंची 1 वर कुणीच उरलं नाही. एका वेळी एकच पायरी उतरता येत असेल आणि मधली एक पायरीच रिकामी असेल, तर तिच्या वर असलेल्या कुणालाही मुक्कामापर्यंत उतरता येणार नाही. मग अ आणि ब यांना एकेक पायरी चढवत बसण्यात अर्थ नाही. दोघांनाही तडक उगमाच्या वर, 5 वर नेऊन ठेवायचं. अ चे 3 नग पुढच्याच ढकलीत उगमाकडे जातात आणि ब कडचा दुसरा हेलपाटा पूर्ण वाचतो. कुठल्या उंचीवर किती ठिकाणं आहेत याची नोंद ठेवली की ही फट लगेच कळते.

दुसरा उपाय उंच्या अधूनमधून नव्याने मोजण्याचा. मुक्कामापासून मोकळ्या टप्प्यांवरून उलटं चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाण मुक्कामापासून किती टप्पे दूर आहे ते मोजायचं. तीच त्याची नवी उंची. लांब मार्गाच्या उदाहरणात मी 30 ढकलींचा हिशेब दिला, तो अशा मोजलेल्या उंच्यांपासून सुरुवात केली तरच खरा. सगळे 0 वर ठेवून सुरू केलं तर उंच्या वाढवण्याचं कामही त्यात मिळवावं लागेल. म्हणजे शोध पूर्णपणे गेला असं नाही. तो प्रत्येक नगामागे करावा लागत नाही, बऱ्याच कामानंतर एकदा करावा लागतो, आणि त्याचा फायदा सगळ्या ठिकाणांना एकदम मिळतो. बोरिस चेरकास्की आणि गोल्डबर्ग यांनी 1990 च्या दशकात हे दोन्ही उपाय नीट बसवून दाखवले, तेव्हा ही रीत व्यवहारात वेगवान ठरली.

शिल्लक अनेक ठिकाणी असेल तेव्हा आधी कुणाला हात लावायचा, यानेही फरक पडतो. सर्वांत उंच ठिकाण आधी घेतलं, तर वरून येणारी शिल्लक खाली एकत्र जमत जाते आणि मोठ्या ढकलीत पुढे सरकते. या निवडीमुळे काम किती कमी होतं याची नेमकी मर्यादा जोसेफ चेरियन आणि दिल्ली आयआयटीचे एस. एन. महेश्वरी यांनी 1989 मध्ये सिद्ध केली.

ही रीत स्वतः लिहून पाहणाऱ्याच्या चुका बहुधा दोन जागी होतात. एक, ढकलल्यावर उलट टप्प्याची जागा वाढवायची राहून जाते. मग आपल्या उदाहरणातल्या ब चे 2 नग कायमचे अडकतात आणि कार्यक्रम थांबतच नाही किंवा ब ला शेजारीच सापडत नाही. दुसरी, उतार उपलब्ध असतानाही उंची वाढवली जाते. तसं झालं की एका पायरीचा नियम मोडतो आणि कार्यक्रम निमूटपणे चुकीचं उत्तर देतो. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण वरून सगळं ठीक दिसतं. ती पकडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शेवटी मोकळ्या टप्प्यांवरून मुक्कामाला कोण कोण पोहोचू शकतं ते पाहणं. जे पोहोचू शकतात ते एका गटात, उरलेले उगमासह दुसऱ्या गटात. उगमाच्या गटातून मुक्कामाच्या गटात जाणाऱ्या सगळ्या टप्प्यांच्या क्षमतांची बेरीज मुक्कामाला पोहोचलेल्या मालाइतकी भरली पाहिजे. आपल्या जाळ्यात उगम, अ, ब एकीकडे, मुक्काम दुसरीकडे, मधले दोन टप्पे 2 आणि 3, बेरीज 5. पटलं. हॅरिस आणि रॉस यांनी नकाशावर 1,63,000 टनांची जी तोकडी जागा दाखवली, तीही अशाच तुटीची रेषा होती.

सगळीकडे ही रीतच जिंकते असंही नाही. छायाचित्रातली वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी काढण्यासाठी हाच प्रश्न लाखो ठिपक्यांच्या जाळीवर सोडवतात. तिथे प्रत्येक ठिपका उगमाला आणि मुक्कामाला थेट जोडलेला असतो, त्यामुळे बहुतेक वाटा आखूड असतात. लांब मार्गावरून पुन्हापुन्हा जाण्याचा जो खर्च पुश-रिलेबल वाचवते, तो तिथे मुळातच थोडा असतो. म्हणूनच युरी बॉयकोव्ह आणि व्लादिमीर कोल्मोगोरोव्ह यांनी 2004 मध्ये अशा जाळ्यांसाठी जी रीत दिली, ती सबंध वाटा शोधणारीच आहे, फक्त एकदा केलेला शोध टाकून न देता पुढच्या वेळी वापरणारी. आणि त्यांच्या चाचण्यांतल्या बहुतेक चित्रांवर ती उंची-शिल्लकेच्या रीतीला मागे टाकते.